ध्वजदिनाच्या भाषणात ते पत्रच वाचा

प्रश्न: "जय हिंद. मी एएससीत, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतूक दलात ड्रायव्हर होतो, १७ वर्षं सेवा करून नाईक म्हणून पेन्शनवर आलो. नागपुरात घराजवळच्या शाळेने ७ डिसेंबरला ध्वजदिनानिमित्त 'सेवा आणि त्याग' यावर बोलायला बोलावलंय. पाचवी ते दहावी, ५०० च्या वर मुलं आहेत. मी लढाई पाहिली नाही, गोळी चालवली ती फक्त फायरिंग रेंजवर. दोन वर्षं लेहच्या कॉन्व्हॉयवर होतो. मुलगी झाली ते २२ दिवसांनी पत्रातून कळलं, पण असलं घरगुती काय सांगायचं? कारगिलच्या गोष्टी सांगू का? कुणी अनुभवी असेल तर सांगा."

जय हिंद भाऊ. मी सिग्नल्सचा, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलाचा, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गेली चौदा-पंधरा वर्षं डिसेंबर आणि जानेवारीत नागपूर, कामठी, हिंगणा अशा भागांतल्या शाळांमध्ये बोलायला जातो. जे "घरगुती" म्हणून तुम्ही बाजूला ठेवलंय, त्यावरच तुमचं भाषण उभं राहील. कारगिल राहू द्या. का ते सांगतो, त्यासाठी आधी माझी फजिती ऐका.

पहिल्यांदा एका शाळेने बोलावलं तेव्हा मी वही भरून तयारी केली होती. १९६२ पासून सुरुवात, मग ६५, ७१, सियाचीन, कारगिल. मुलं मैदानात उन्हात बसलेली. चाळीस मिनिटं झाली तरी मी ७१ मध्येच होतो. मागच्या रांगेतल्या दोन मुली भोवळ येऊन पडल्या आणि मुख्याध्यापकांनी शिपायाच्या हाती चिठ्ठी पाठवली, "कृपया आवरते घ्यावे." मी घाईघाईने टायगर हिलवर पोचलो. शेवटी सातवीतला एक मुलगा उठला आणि विचारलं, "काका, तुम्ही तेव्हा कुठं होता?" खरं म्हणजे मी राजस्थानात एका टेलिफोन एक्स्चेंजवर होतो. तसं सांगितलं. वाटलं, आता हसतील. पण त्याने पुढे विचारलं, "मग तुम्ही काय करत होता?" त्या उत्तराची पाच मिनिटं ती मुलं जेवढी शांत बसली, तेवढी आधीच्या चाळीस मिनिटांत बसली नव्हती. सुट्या बंद झाल्या होत्या, बोर्डावर रात्रभर कॉल जोडत होतो, आणि पलीकडे कोण कुठून बोलतंय हे ओळखू येत असूनही विचारायचं नसतं, एवढंच मी सांगितलं.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. जिथे मी नव्हतो तिथली गोष्ट माझ्या तोंडून मोठी करून सांगायची नाही. कारगिल मुलांनी सिनेमात पाहिलंय, ते तुमच्या-माझ्या बोलण्यापेक्षा तिथे जास्त जोरात दिसतं. पण झोजी ला चढताना स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला काय दिसतं ते त्यांनी कुठेच पाहिलेलं नाही. ते सांगणारा त्या हॉलमध्ये तुमच्याशिवाय दुसरा कुणी नसेल.

आता थोडं परिस्थितीवर आहे. मुलं हॉलमध्ये खुर्च्यांवर असतील तर पंधरा मिनिटं बोला. मैदानात उभी किंवा जमिनीवर बसलेली असतील तर दहाच. माइक नसेल तर त्याहून कमी. पाचवी आणि दहावी एकत्र बसवतात हा शाळांचा जुना घोळ आहे. त्यात मी सहावी-सातवीच्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून बोलतो, मोठी मुलं आपोआप ऐकतात. आणखी एक गोष्ट शाळेला आधी फोन करून नक्की विचारा: समोर बसणाऱ्यांत एखाद्या जवानाचं मूल आहे का, आणि त्या घरात अलीकडे काही घडलंय का. नागपुरात हे विचारावंच लागतं. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर आहे, वायुसेना नगर आहे, आणि फौजेत माणूस असलेली घरं तर गल्लोगल्ली आहेत. एका ठिकाणी मी न विचारता वीरमरणाचं बोलत गेलो आणि तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून बाहेर गेली. तिचे वडील गेल्याला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. ती चूक माझी होती. असं मूल असेल तर भाषणात त्याच्याकडे बोट दाखवून टाळ्या मागू नका. आधी वर्गशिक्षकांमार्फत घरी विचारून घ्या आणि मृत्यूचा भाग गाळून टाका. तुमच्या भाषणाला त्याची गरजही नाही.

आता भाषणाकडे येऊ. मी तुमच्या जागी असतो तर एक दिवस, एक गाडी आणि एक पत्र एवढंच घेतलं असतं.

सुरुवात हलकी असू द्या. मी नेहमी संत्र्यापासून करतो, हवं तर घ्या. भरती होऊन ट्रेनिंगला गेलेल्या नागपूरच्या पोराला पहिल्याच आठवड्यात उस्ताद म्हणतो, "आज रात तू संत्री है." पोरगं मनात म्हणतं, बाप्पा, गाव कोणतं ते यांना कसं कळलं! मग समजतं की फौजेत संत्री म्हणजे पहारेकरी, दोन तास उभं राहायचं आणि डोळा लागू द्यायचा नाही. नागपूरच्या मुलांना हे फार आवडतं. हसून झालं की ती तुमची झाली.

मग लगेच गाडीवर या. तुम्ही कोणती चालवत होता ते सांगा, शक्तिमान की स्टॅलियन. तिची चाकं किती मोठी, केबिनमध्ये हीटर होता की नव्हता, शेजारी को-ड्रायव्हर कोण होता. श्रीनगरहून सोनमर्ग, तिथून झोजी ला, मग द्रास, कारगिल आणि लेह, चारशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता. नागपूरहून अमरावतीला जातो तसं एका दमात होत नाही, हे मुलांना सांगावं लागतं. झोजी ला साडेअकरा हजार फुटांवर. रस्ता इतका अरुंद की एक वेळ वर जाणाऱ्या गाड्यांची, एक वेळ खाली येणाऱ्यांची. म्हणून अंधारात उठायचं, रांगेत लागायचं आणि पुढच्या गाडीचा मागचा दिवा बघत चढायचं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बर्फ पडलं की चाकांना साखळ्या बांधायच्या, त्या हातमोजे घालून नीट बांधता येत नाहीत, म्हणून मोजे काढायचे. हे शेवटचं वाक्य सांगताना थांबा आणि स्वतःचे हात दाखवा. मुलं बोटांकडे बघतील.

मात्र हे सगळं अडचणींची यादी म्हणून सांगितलं तर पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो. ही गाडी एवढा त्रास घेऊन का चढत होती हे मुलांना स्वतःला कळायला हवं. त्यासाठी मी गणित घालतो. मोठ्याने विचारतो आणि मुलांकडूनच उत्तर काढून घेतो. तुमच्यासाठी मांडून देतो.

हिवाळ्यात बर्फाने खिंड बंद होते. तेव्हा वर राहणाऱ्यांना लागणारं सगळं उन्हाळ्यातच नेऊन ठेवायचं असतं. फौजेत याला विंटर स्टॉकिंग म्हणतात. आता मुलांना सांगा, समजा वर एका चौकीवर ३० जवान आहेत आणि रस्ता सहा महिने, म्हणजे १८० दिवस बंद आहे. एका जवानाला रोज पीठ आणि तांदूळ मिळून ६०० ग्रॅम धरू. एकाला १८० दिवसांना किती? कुणीतरी ओरडेल, १०८ किलो. तीस जणांना? ३,२४० किलो. म्हणजे सव्वातीन टन. पाच टन माल घेणाऱ्या गाडीत अर्ध्याहून जास्त जागा नुसत्या पीठ-तांदळानेच भरली. अजून डाळ नाही, तेल नाही, साखर-चहा नाही, शेगडीचं रॉकेल नाही, औषधं नाहीत. आणि ही झाली एक चौकी. आकडे समजा म्हणूनच सांगा, खऱ्या चौकीचं नाव किंवा खरी संख्या सांगायची नाही. निवृत्तीनंतरही ती शिस्त आपल्याला लागू आहे.

गणित झालं की एकच प्रश्न विचारायचा: "यातली एक गाडी वर पोचली नाही तर?" आणि गप्प राहायचं. पाच-सात सेकंद. उत्तर तुम्ही देऊ नका. एकदा एका सहावीतल्या मुलीने उत्तर दिलं, "मग फेब्रुवारीत त्यांना कळेल." मला हे सुचलं नव्हतं. ऑक्टोबरात न पोचलेल्या गाडीची किंमत फेब्रुवारीत दुसरा कुणीतरी मोजतो, म्हणून ड्रायव्हर थंडीत साखळ्या बांधतो. 'सेवा' हा शब्द मुलांना यातून समजतो. तो तुम्ही उच्चारला नाहीत तरी चालेल. मी तर सेवा आणि त्याग हे दोन्ही शब्द पाहुण्यांच्या स्वागताच्या भाषणासाठी सोडून देतो, ते तिथे दहा-बारा वेळा येऊन गेलेले असतात.

आता पत्र. मूळ पत्र सापडलं तर फारच छान, नसेल तर एक कोरं अंतर्देशीय मिळवा. आजच्या मुलांनी ते पाहिलेलं नसतं, त्याच्या निळ्या घड्याच त्यांना नवलाच्या वाटतात. पत्त्याची बाजू वाचून दाखवा: आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ. मग विचारा, यात काय नाही? थोड्या वेळाने कुणीतरी म्हणेल, गावच नाही. बरोबर, गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. ज्या बाईने ते लिहिलं तिला नवरा नेमका कुठे आहे हे माहीत नाही, पत्र मात्र जातं. पश्चिम आणि उत्तरेकडच्या युनिट्ससाठी ५६ आणि पूर्वेकडच्यांसाठी ९९, असे दोन आकडे. पत्र आधी फौजेच्या टपालघरात जातं, तिथल्या लोकांना माहीत असतं कोणतं युनिट सध्या कुठे आहे, आणि ते पुढे पाठवतात.

आणि आता बावीस दिवसांचा हिशोब मांडा. नेमका तुमचा मला माहीत नाही, पण साधारण असा असेल: बाळंतीण चार-पाच दिवसांनी लिहायला बसली किंवा कुणाकडून लिहून घेतलं, पत्र टपालातून तुमच्या युनिटपर्यंत यायला आठवडा-दहा दिवस, आणि पत्र युनिटमध्ये आलं तेव्हा तुम्ही गाडी घेऊन वर गेलेले. परत आल्यावर हातात पडलं. घरी बसून आठवा, तारखा जुळवा, सौभाग्यवतींना विचारा. त्यांना बऱ्याचदा आपल्यापेक्षा चांगलं आठवतं. मुलांना सांगायचं एवढंच की या बावीस दिवसांत तुम्ही दोनदा झोजी ला ओलांडला (जितक्यांदा असेल तितक्यांदा), आणि तुम्ही बाप झालेले आहात हे तुम्हाला सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. पुढे काही जोडू नका. तिथे हुंदका आला तर येऊ द्या, आणला तर मुलांना लगेच कळतं.

एखादा हुशार मुलगा नक्की विचारेल, तार का नाही केली? याचं उत्तर तयार ठेवा, कारण ते खरंच सांगण्यासारखं आहे. त्या काळी फौजीच्या घरात आणि फौजीच्या हातात तार आली की आधी छातीत धस्स व्हायचं. तार म्हणजे वाईट बातमी. आनंदाची बातमी पत्राने पाठवायची, उशिरा पोचली तरी चालेल, अशीच बहुतेक घरांची रीत होती.

इथे साधारण अकरा-बारा मिनिटं होतील. उरलेली तीन मिनिटं ध्वजदिनाला द्या, कारण मुलं वर्गातून झेंड्याचं स्टिकर विकत घेऊन आलेली असतात आणि ते कशाला, हे कुणीच सांगत नाही. लाल, गडद निळा आणि फिकट निळा हे तीन रंग म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. १९४९ पासून ७ डिसेंबरला हा दिवस पाळतात. पैसा जातो युद्धात कामी आलेल्यांच्या आणि जखमी झालेल्यांच्या कुटुंबांकडे, सेवेतल्या जवानांच्या आणि माजी सैनिकांच्या कल्याणासाठी. मुलांना यातलं एक कारण समजावून सांगा: फौज तरुण ठेवावी लागते, म्हणून दरवर्षी सुमारे साठ हजार माणसं पस्तीस ते पंचेचाळीस वयात घरी येतात. त्यांच्या वर्गमित्रांना तेव्हा ऑफिसात बढती मिळत असते आणि यांचा नोकरीचा शोध सुरू होतो. शिवाय जवानाला पेन्शनसाठी साधारण पंधरा वर्षं सेवा लागते. त्याआधी बाहेर पडलेले काही म्हातारे आजही विनापेन्शन आहेत, त्यांना या निधीतून मदत मिळते. रकमा बदलत असतात, म्हणून आकडा सांगायचाच असेल तर आदल्या आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चालू आकडा विचारून घ्या. आणि भाषणातून पैसे मागू नका. शाळांना या निधीचं काम आधीच दिलेलं असतं, पुन्हा तुम्ही मंचावरून मागितले की गरीब घरातलं पोर खाली मान घालतं. मी ते पाहिलंय.

शाळेने आग्रह धरला, "एखादी शौर्यकथाही सांगा", तर एकच घ्या आणि ती तुमच्या कामाच्या जवळची असू द्या. तुमच्यासाठी मी रामा राघोबा राणे निवडीन. सेकंड लेफ्टनंट, इंजिनिअर्सचे. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडे फौज निघालेली, आणि पुढच्या रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरलेले, झाडं तोडून आडवी टाकलेली. ८ एप्रिलला कामाला लागताच तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली, त्यात राणे स्वतःही. तरी ११ तारखेपर्यंत ते रस्ता मोकळा करत राहिले, आणि त्या रस्त्याने रणगाडे पुढे गेले. रणगाड्याखाली सरपटत, दोरीने ड्रायव्हरला खुणा करत त्यांनी एक टप्पा पार केल्याचं सांगतात. ड्रायव्हर मंडळींना हे ऐकून काय वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते स्वतः घ्यायला ते हयात होते. मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ मध्ये वारले. शाळेतल्या फलकांवर सर्रास सगळ्याच परमवीरांच्या नावापुढे 'मरणोत्तर' लिहितात. आजवरच्या २१ परमवीरांपैकी १४ जणांना मरणोत्तर मिळालं, सगळ्यांना नाही. मुलांना हे सांगण्यात अर्थ आहे, नाहीतर त्यांना वाटतं की मेल्याशिवाय काही केलंसं होतच नाही.

कामठी जवळ म्हणून अनेकजण लान्स नाईक अल्बर्ट एक्कांची गोष्ट सांगायला सांगतील. ते १४ गार्ड्सचे, ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री आगरतळ्याजवळ गंगासागरच्या लढाईत गेले, त्या युद्धात पूर्व आघाडीवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. तारीखही ध्वजदिनाला लागूनच येते. गोष्ट मोठी आहे, पण त्यात संगीन आहे, ग्रेनेड आहे, आणि पाचवीची मुलं समोर असताना ती नीट सांगणं अवघड. नववी-दहावीलाच असतील तर सांगा.

शब्दांबद्दल थोडं. 'शहीद' हा शब्द लोक सहज वापरतात, पण सरकारी भाषेत असा दर्जा नाही, फौजेच्या कागदात बॅटल कॅज्युअल्टी वगैरे शब्द असतात. मी 'वीरमरण आलं' म्हणतो आणि घरच्यांना वीरनारी, वीरमाता, वीरपिता. दुसरं, शत्रूबद्दल शिवीगाळ नको, मुलं टाळ्या वाजवतात म्हणून मोह होतो. एका मुलाने मला विचारलं होतं, त्यांच्या मेलेल्या सैनिकांचं काय करतात? मी सांगितलं की कारगिलमध्ये त्यांच्या बाजूने न नेलेले मृतदेह आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केले. हॉल एकदम शांत झाला.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न ठरलेला: "तुम्ही किती माणसं मारली?" दर वर्षी येतो, त्यावर मुलाला रागावू नका आणि शिक्षकांना रागावू देऊ नका. तुम्ही सरळ सांगा, "एकही नाही, मी पीठ पोचवलं." तुमच्या आधीच्या गणितामुळे ते उत्तर कमी वाटणार नाही. ज्यांनी लढाई पाहिली आहे ते म्हणतात, "हे आम्ही एकमेकांनाही विचारत नाही", तेही ठीक. दुसरा प्रश्न अग्निवीरचा. १७ वर्षं सहा महिने ते २१ वय, चार वर्षं सेवा, त्यातून २५ टक्क्यांपर्यंत पुढे घेतात, एवढा नियम सांगा. बरं की वाईट यात पडू नका, त्यासाठी नाक्यावरचा चहा आहे. मुलींनी विचारलं तर २०२२ पासून एनडीएत मुलीही जातात हे सांगा, पुष्कळ पालकांनाही ते माहीत नसतं.

कपडे. युनिफॉर्म घालू नका, निवृत्तीनंतर तो तसा घालायचा नसतो. ब्लेझर, टाय आणि डाव्या छातीवर मेडल. मुलांना प्रत्येक मेडल शौर्याचं वाटतं, म्हणून खरं काय ते सांगा: हे उंचावरच्या सेवेचं, हे नऊ वर्षं सेवा केल्याचं. सोबत काडतुसाची रिकामी नळी वगैरे नेऊ नका, शोकेसमधली असली तरी. मी टेलिफोनच्या तारेचा हातभर तुकडा नेतो. तार तुटली की लाइनमन रात्री ती तळहातातून सरकवत, अंधारात चालत तुटलेली जागा शोधतो, तसं मी मुलांच्या हातून ती सरकवतो. तुम्हाला बर्फाच्या साखळीची एक कडी मिळवता आली तर बघा. हातात घेतली की तिचं वजन किती ते कळतं.

त्या दिवसांत हिवाळी अधिवेशन असेल तर बर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, शाळा तिकडे असेल तर अर्धा तास आधी निघा. ७ तारीख रविवारी आली तर शाळा कार्यक्रम आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी घेतात, तेही विचारून ठेवा.

आणि पत्राची झेरॉक्स काढून तीच मुलांमध्ये फिरवा. मूळ पत्र खिशात ठेवा, नाहीतर सरळ घरीच. माझं एक असंच पत्र सहावी ब मध्ये गेलं, ते अजून परत आलेलं नाही.